मीडियमचं माप

कपड्यांच्या त्या कंपनीत तिला नावाने कुणीच हाक मारत नसे. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांसाठी ती ‘मीडियम’ होती. ‘मीडियम आली का?’, ‘मीडियमला चहा विचारा’, ‘मीडियमच्या अंगावर बघू आणि मग ठरवू.’ सुरुवातीला तिला ते जरा झोंबलं होतं. मग अंगवळणी पडलं. शेवटी कामच तसं होतं, अंगाचं.

काम सांगायला सोपं होतं. ही कंपनी चाळिशी ओलांडलेल्या बायकांसाठी कपडे काढायची. कपडे शिवायची फॅक्टरी दूर कुठेतरी होती. तिथून नमुना शिवून यायचा तो नेहमी मधल्या मापाचा, मीडियमचा. त्यावरून बाकीची मापं लहान-मोठी करत न्यायची. तो नमुना अंगात घालून, खिडकीजवळच्या लाकडी पाटावर उभं राहायचं, वळ म्हटलं की वळायचं, बस म्हटलं की बसायचं, आणि कुठे ओढतंय, कुठे टोचतंय ते खरंखरं सांगायचं. पोट आत घ्यायचं नाही, ऐट करायची नाही. तिची छाती, कंबर, खांदे कंपनीच्या तक्त्यातल्या मीडियमशी तंतोतंत जुळायचे. त्यात तिचं कर्तृत्व काही नव्हतं. आईवडिलांनी दिलेलं शरीर, ते नेमकं मधलं निघालं एवढंच. एरवी सकाळची ती दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून लोकांना नंबर द्यायची, आणि दुपारी बोलावणं आलं की इकडे यायची.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. आक्का विधवा झाली तेव्हा मुलगा हाताशी आलेला होता, पण तो नोकरीसाठी दूर गेला आणि आक्का धाकटीकडे राहायला आली. हिने लग्नच केलं नव्हतं. ‘योग नव्हता’ असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, ‘वेळ नव्हता.’ दोघींचं छान जमलं होतं. भांडणं व्हायची ती टीव्हीचा आवाज आणि खिडकी उघडी की बंद एवढ्यापुरती. स्वयंपाक आक्काचा, बाहेरची कामं हिची. आक्काला ताटात काही टाकलेलं चालायचं नाही आणि ‘भूक नाही’ हे वाक्य तिला ऐकूच यायचं नाही.

मग आक्काला नातू झाला. सूनबाईला बाळ सांभाळून नोकरी झेपेना. मुलाने फोन केला, आक्काने दोन बॅगा भरल्या आणि ती गेली. रडारड नाही, काही नाही. जाताना म्हणाली, “उन्हाळ्यात येईन की.” उन्हाळा आला तेव्हा बाळाला दात येत होते.

आक्का दर बुधवारी फोन करायची. पहिला प्रश्न ठरलेला. “जेवलीस का?”

“जेवले.”

“काय केलं होतंस?”

ही पटकन दोन पदार्थांची नावं घ्यायची. खरं म्हणजे ओट्यापाशी उभ्याउभ्याच काहीतरी तोंडात टाकलेलं असायचं. एका माणसासाठी गॅस पेटवायचा, चार भांडी काढायची, ती परत घासायची, कुणासाठी? ती काही उपाशी राहत नव्हती. फक्त जेवण नावाची गोष्ट त्या घरातून हळूच निघून गेली होती. टीव्ही आता हवा तेवढा मोठा लावता येत होता, म्हणून ती लावत नव्हती. दवाखान्यातून शनिवारी आली की सोमवारपर्यंत तिचा आवाज तिच्याच कानावर पडायचा नाही. एकदा सोमवारी सकाळी पहिल्या पेशंटला ‘बसा’ म्हणताना घशातून नुसती हवा निघाली. पेशंटला वाटलं, हिलाही दाताचा त्रास दिसतोय.

अशा दिवसांत कंपनीचं बोलावणं आलं की तिला बरं वाटायचं, आणि का बरं वाटतं हे ती कुणाला सांगू शकली नसती. तिथे तिला लोक हात लावायचे. खांद्यावरची शिवण सरळ करायला, कॉलर बसवायला, पाठीवर टाचणी लावायला. कामाचे हात होते ते, त्यात माया वगैरे काही नव्हती. पण आक्का गेल्यापासून तिच्या पाठीला दुसऱ्या माणसाचा तळवा लागायचा तो फक्त त्या खिडकीजवळच्या पाटावर.

*

त्या दिवशी कोट आला होता. थंडीचा, जाड लोकरी कापडाचा, गुडघ्याखाली जाणारा, गडद हिरवा. हा साधा नमुना नव्हता. आधीचे दोन नमुने फॅक्टरीने मिळेल त्या कापडात शिवून पाठवले होते, नुसतं बेतणं तपासायला. ते तिच्याच अंगावर बघून मंजूर झाले होते. आताचा हा शेवटचा, ज्याला तिथे पीपी सॅम्पल म्हणत: खरं कापड, खरी बटणं, खरं अस्तर, खरं लेबल, आणि पुढे हजारो कोट जिथे शिवले जाणार त्याच लोकांनी शिवलेला. यात जे बरोबर ते मंजूर करायचं, जे चूक ते सेंटिमीटर-मिलिमीटरमध्ये सांगायचं. इथून होकार गेला की फॅक्टरीत कापडाचे थर टेबलावर पसरतात आणि कटरचं पातं फिरतं. एकदा ते फिरलं की मागे जाता येत नाही.

आधी हे काम मास्टरबाई बघायच्या. त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या जागी आलेली टेक्निशियन तिशीच्या आतली होती, मोठा चष्मा, चटपटीत चाल, कामाला वाघ. डिझायनर मात्र जुनाच, केस पिकलेला, सदा घाईत. भिंतीवरच्या पडद्यावर फॅक्टरीचा मॅनेजर दिसत होता. त्याच्या मागे मशीनचा घरघराट चालू होता.

टेक्निशियनने कोट टेबलावर पसरला, सुरकुती काढली आणि टेपने एकेक माप घेत ती मोठ्याने सांगू लागली. काखेखाली छाती, आडवी, चोपन्न. बरोबर. खांदा चाळीस. बरोबर. बाहीची लांबी पाव सेंटिमीटर कमी. तेवढी चालते. मग कापडाचा रंग आधी मंजूर केलेल्या तुकड्याशी खिडकीच्या उजेडात ताडून पाहिला.

“रंग मंजूर,” डिझायनर म्हणाला. “कापडाचा स्पर्शही छान आलाय. अस्तर मंजूर. लेबल मंजूर. चला, मीडियम, घाला बघू.”

मीडियम कपडे बदलायच्या कापडी पडद्यामागून आली. टेक्निशियनची नजर तिच्या गळ्यापाशी थबकली.

“आत स्वेटर आहे का? जाड वाटतंय.”

“थंडी वाजत होती जरा.”

“काढाल का? आपण नेहमी पातळ शर्टावरच बघतो ना.”

मीडियमला माहीत होतं. इतकी वर्षं काय डोळे मिटून उभी राहिली होती ती? स्वेटर तिने थंडीसाठी घातलाच नव्हता. सकाळी स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला, तेव्हा तिने त्याला सेफ्टी पिन मारली होती आणि मग कपाट उघडून आक्काचा मागे राहिलेला जाड स्वेटर चढवला होता. मास्टरबाई असत्या तर स्वेटरचा काही उपयोग झाला नसता. त्या प्रत्येक वेळी नमुन्याला हात लावण्याआधी हिच्या अंगाचं माप घ्यायच्या. या मुलीला ते कुणी सांगितलं नसावं. मीडियम म्हणजे मीडियम, असंच ती धरून चालली होती.

तिने स्वेटर काढला, कोट घातला, बटणं लावली आणि पाटावर चढली.

डिझायनर दोन पावलं मागे सरकून बघू लागला.

“हे असं का दिसतंय?” डिझायनर म्हणाला. “पोतं अडकवल्यासारखं?”

कोट खांद्यावरून बाहेर ओघळत होता. छातीपाशी कापड रिकामं लोंबत होतं, पाठीत उभी घडी पडली होती. टेक्निशियन भोवती फिरली. तिने पाठीची घडी चिमटीत धरली, सोडली, परत धरली.

“मापं तर बरोबर आहेत,” ती स्वतःशीच म्हणाली.

“पॅटर्न तोच आहे मॅडम,” पडद्यावरून मॅनेजर म्हणाला. “तुम्ही मागच्या वेळी मंजूर केलेला. आम्ही एका दोऱ्याचा फरक केलेला नाही.”

“मग कापडाचा दोष,” टेक्निशियनला एकदम उलगडल्यासारखं झालं. “मागचा नमुना कडक कापडात होता, तो आपला आकार धरून उभा राहिला. हे मऊ आहे, पडतं. म्हणून तेच माप यात मोठं दिसतंय. आत घ्यावं लागेल.”

बोलण्यात काही खोट नव्हती. मऊ कापड पडतंच. डिझायनरने मान डोलावली. टेक्निशियन टाचण्यांची डबी घेऊन आली आणि मीडियमच्या मागे उभी राहिली. दोन्ही बगलांखालच्या शिवणी तिने चिमटीत धरून टाचल्या. मग खांद्यावर तळवा ठेवून शिवण आत सरकवली. तळवा ऊबदार होता. मीडियमने डोळे मिटले. काही बोलायचं नाही, तिने मनाशी ठरवलं. बोलायचं कशाला? टाचण्या लागल्या, कोट अंगाला बसला, आरशात छान दिसू लागला. सगळ्यांचे चेहरे सैलावले.

“लिहून घ्या,” टेक्निशियन पडद्याकडे बघून सांगू लागली. “छाती पूर्ण घेरात चार सेंटिमीटर कमी. खांदा दोन्हीकडे अर्धा-अर्धा सेंटिमीटर आत. कंबर त्याच प्रमाणात. बाकी सगळी मापंही याच हिशोबाने खाली आणा.”

“सगळी म्हणजे स्मॉलपासून डबल एक्सएलपर्यंत?”

“सगळी. एकटा मीडियम बदलून कसं चालेल?”

मॅनेजरने डोकं खाजवलं. “पॅटर्न आज बदलून घेतो. मात्र लेखी होकार आत्ताच द्या. उद्या सकाळी कटिंग धरलंय, टेबल अडवून ठेवता येणार नाही.”

“मीडियम, तुम्हाला ठीक वाटतंय ना?” टेक्निशियनने सवयीने विचारलं. “हात वर करून बघा.”

तिने हात वर केले. अस्तराने मनगट खाली ओढलं.

“बाहीचं अस्तर ओढतंय,” ती म्हणाली. त्याहून जास्त काही म्हणाली नाही.

“आणि अंगात?”

“ठीक आहे.”

“मग काढा हळूच. टाचण्या टोचतील.”

*

पडद्यामागे ती कोट काढून उभी राहिली. आतला आरसा अरुंद होता. त्यात कमरेची सेफ्टी पिन आणि बाहेर आलेलं गळ्याचं हाड दिसत होतं. हातातला कोट तिने समोर धरला. टाचण्यांनी आत ओढलेला तो कोट आता कुठल्या मीडियमचा राहिला नव्हता. घरी उभ्याने खाणाऱ्या, शनिवार-रविवार न बोलणाऱ्या एका बाईचं माप होतं ते. आणि ते माप हजारो कोटांत कापलं जाणार होतं. कुठली तरी बाई दुकानात आपल्या नेहमीच्या नंबरचा कोट घालून बघणार, बटण लागणार नाही, आणि ती मनात म्हणणार, आपणच सुटलोय. आक्का असती तर तेच म्हणाली असती. आक्का लगेच स्वतःला दोष द्यायची, कपड्याला कधीच नाही.

बाहेर डिझायनर होकाराचा मजकूर सांगत होता आणि टेक्निशियनची बोटं कीबोर्डवर चालली होती.

सांगितलं तर काय होणार हेही तिला दिसत होतं. तक्त्याशी न जुळणारी मीडियम कुणाला हवी? पाट जाईल, खिडकी जाईल. पुन्हा सोमवार ते सोमवार दात आणि नंबर. ती बराच वेळ तशीच उभी राहिली असावी, कारण टेक्निशियनने हाक मारली, “झालं का?”

मीडियम नुसत्या शर्ट-स्कर्टवर बाहेर आली. कोट तिने टेबलावर ठेवला.

“होकार पाठवू नका,” ती म्हणाली. “आधी टेप घ्या आणि माझं माप घ्या.”

“तुमचं?”

“माझं. कोट बरोबर आहे. मी कमी झालेय.”

डिझायनरने घड्याळाकडे बघितलं. टेक्निशियन मात्र टेप घेऊन उठली होती. तिने छातीभोवती टेप फिरवला, आकडा वाचला, विश्वास बसेना म्हणून परत फिरवला.

“अठ्ठ्याऐंशी,” ती हळू म्हणाली. तक्त्यात ब्याण्णव होते. कंबरही चारने उतरली होती, नितंबही. “बरोब्बर चार.”

जे चार सेंटिमीटर ती हजारो कोटांतून काढायला निघाली होती, तेच. ते तिच्याही लक्षात आलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“मी आधीच मोजायला हवं होतं,” ती म्हणाली. “चूक माझी.”

“मी आधीच सांगायला हवं होतं,” मीडियम म्हणाली.

“स्वेटर...” टेक्निशियन बोलता बोलता थांबली.

“हो,” मीडियम म्हणाली. “त्यासाठीच.”

“आजारी वगैरे आहात का?” डिझायनरने विचारलं. आवाजात वैताग होता, पण प्रश्न खरा होता.

“नाही. एकटी आहे.”

त्याने पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

पडद्यावरचा मॅनेजर घसा साफ करत म्हणाला, “मग मॅडम, छातीचं काय करू?”

“काही करू नका. थांबा जरा.”

टाचण्या काढून कोट कोपऱ्यातल्या पुतळ्यावर चढवला. पुतळा तक्त्यातल्या मीडियमचा होता आणि त्याच्या शरीरात कधी काही बदलायचं नाही. कोट त्याच्यावर चोख बसला. खांदा खांद्यावर, पाठ सपाट. मऊ कापडाचा अंदाज साफ खोटा नव्हता, कमरेपाशी ते जरा जास्त पडत होतं, पण तेवढं शोभत होतं. मग मात्र खरे दोष दिसायला लागले, जे मघाशी त्या लोंबण्यात कुणाच्या नजरेला आले नव्हते. बटण लावलं की आजूबाजूचं कापड आत ओढलं जात होतं. बटणाखालचा दोऱ्याचा दांडा या जाड कापडाला आखूड पडत होता. कॉलरचं डावं टोक उजव्याहून लांब होतं.

“खिशाचं काय?” डिझायनरने विचारलं. “पुतळ्याला हात नाहीत.”

तिघांनीही मीडियमकडे बघितलं.

“छाती कमी झाली, हात तेवढेच आहेत,” ती म्हणाली आणि त्या सगळ्यात पहिल्यांदा कुणीतरी हसलं, ते पडद्यावरून. कोट परत घालून तिने खिशात हात सारले. “खाली आहे. कोपर पूर्ण सरळ होतं तरी तळ लागत नाही. एवढा वर हवा.” तिने बोट ठेवलं तिथे खडूची खूण झाली. मग हात वर. अस्तर पुन्हा मनगटाशी ओढलं गेलं. टेक्निशियनने बाही उलटी करून अस्तर मोजलं.

यावेळी तिने शब्द न् शब्द जपून सांगितला. “छाती, खांदा, कंबर, सगळी मापं आहेत तशी मंजूर. मघाचं सगळं रद्द समजा, लेखी पाठवते. दुरुस्त्या चार. खिसा दीड सेंटिमीटर वर. बाहीचं अस्तर दोन सेंटिमीटरने लांब करा आणि तो सैलपणा मनगटाशी आत घडी घालून ठेवा. बटणाचा दांडा तीन मिलिमीटरचा सहा करा. कॉलरची दोन्ही टोकं सारखी हवीत, डावं पाच मिलिमीटर जास्त आहे. वरच्या कापडाचं कटिंग उद्या सुरू करायला हरकत नाही, त्याचा पॅटर्न तोच आहे आणि खिशाची फक्त खूण बदलते. कॉलर शिवताना चुकलीय, पॅटर्नमध्ये नाही, ते तुम्ही तपासून घ्या. बाहीचं अस्तर मात्र कापू नका. नवा पॅटर्न मला दाखवा, मग कापा. आणि दुरुस्त केलेला एक कोट इकडे पाठवा, त्यावर अंतिम मंजुरीचं सील लावून देते.”

“हे जमतंय,” मॅनेजर म्हणाला. त्याच्या मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. पडदा काळा झाला.

*

डिझायनर निघून गेला. टेक्निशियन टाचण्या वेचत राहिली. मीडियम स्वेटर घालून, पिशवी खांद्याला अडकवून उभी होती. निरोप कसा घ्यायचा तेवढंच राहिलं होतं.

“एक बोलू?” टेक्निशियनने वर बघितलं. “अठ्ठ्याऐंशी म्हणजे नेमकं आमचं स्मॉल. कंबर, नितंब सगळं जुळतं. स्मॉलसाठी आमच्याकडे कुणीच नाही, नुसत्या आकड्यांवर चालतं. मी साहेबांशी बोलते. काम कमी असेल, पण तुम्ही येत राहाल.” तिला खरोखर आनंद झाला होता. “फक्त एवढंच की आता असंच राहायला हवं. वाढू नका.”

मीडियमने पाटाकडे बघितलं. खिडकीतून त्यावर ऊन आलं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं. काहीच करायचं नव्हतं. आहे तसंच राहायचं, घरी जायचं, ओट्यापाशी उभं राहायचं, आणि अधूनमधून इथे येऊन खांद्यावर तो तळवा घ्यायचा.

“नको,” ती म्हणाली.

“का? चांगलं जमेल की.”

“मला असंच राहायचं नाहीये.”

टेक्निशियनने पुढे येऊन मीडियमच्या स्वेटरची मागे दुमडलेली कॉलर सरळ केली आणि हात क्षणभर तिथेच ठेवला. मग फोन वाजला आणि ती वळली.

दुसऱ्या मीडियमची निवड झाल्याचं पुढे कधीतरी कळलं. कोटही शिवून बाजारात गेले. माप चोख आलं, एकही तक्रार नाही, असा टेक्निशियनचा निरोप आला. तिने ‘छान’ एवढंच लिहिलं. फार काही बदललं नाही. आक्का आली नाही. दवाखान्यातले पेशंट नंबर घेऊन बसत राहिले. तिने कोपऱ्यावरच्या खाणावळीत दुपारचं जेवण लावलं, कारण तिथे खुर्च्या होत्या आणि वाढणारी बाई उठू द्यायची नाही. बहुतेक वेळा समोरची खुर्ची रिकामीच असे. कधी कुणी बसलं तर पाण्याचा जग पुढे सरकवण्यापुरतं बोलणं होई. तेवढ्यानेही घसा मोकळा राहायचा. हिवाळा संपत आला तेव्हा एकदा स्कर्ट कमरेला करकचला, म्हणून तिने कंबर सैल करून घ्यायला तो शिंप्याकडे टाकला.

“किती वाढवू?” शिंप्याने विचारलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “मोजून बघा.”